आभारपत्रात नवे वचन नको

प्रिय,

आपल्या कारखान्याचे ऑडिट करून गेलेल्या परदेशी सहयोगींना पाठवायच्या आभारपत्राचे तुझे दोन्ही मसुदे, मराठी आणि इंग्रजी, मी काल रात्री शेजारी-शेजारी ठेवून वाचले. सोबत तू विचारले आहेस की, ऑडिटमध्ये सापडलेल्या त्रुटीबद्दल काहीच लिहिले नाही तर त्यांना आपण ती लपवतो आहोत असे वाटेल का, आणि लिहायचे तर किती. तुझी ही घालमेल मला आवडली, कारण पाहुण्यांचे विमान सुटताच जुने पत्र उघडून फक्त तारीख बदलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. तुझा मसुदा मात्र मला मुळीच आवडला नाही.

माझा एकच आग्रह आहे आणि तो मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: आभारपत्रात घडून गेलेल्या गोष्टी याव्यात, नवे वचन येऊ नये.

तुझ्या इंग्रजी मसुद्यातले तिसरे वाक्य घे. तपासणीच्या टेबलावर कॅलिब्रेशनची मुदत 11 दिवसांपूर्वी संपलेला एक मायक्रोमीटर सापडला. त्याबद्दल तू खेद व्यक्त केला आहेस, असे पुन्हा कधीही होणार नाही अशी हमी दिली आहेस, आणि शुक्रवारपर्यंत सर्व मोजमाप साधनांचे कॅलिब्रेशन पूर्ण करू असे लिहिले आहेस. मराठी मसुद्यात त्याच जागी नुसते ‘लवकरच’ आहे. म्हणजे साहेब मराठी मसुदा वाचून मंजुरी देणार, आणि पत्र बाहेर जाणार ते इंग्रजीतला शुक्रवार घेऊन. हे तुझ्या लक्षात कसे आले नाही?

आता त्या शुक्रवारचा विचार कर. मुदत संपलेले साधन सापडले की पहिला प्रश्न नवे स्टिकर कधी लागणार हा नसतो. त्या 11 दिवसांत, आणि गरज पडली तर त्याही आधी, या मायक्रोमीटरवर जे भाग मोजून पुढे पाठवले त्यांची मोजमापे बरोबर होती का, हा पहिला प्रश्न असतो. साधन वापरायोग्य नसल्याचे आढळले तर आधीच्या मोजमापांवर त्याचा परिणाम झाला का, हे ठरवण्याची जबाबदारी ISO 9001:2015 च्या 7.1.5.2 या कलमाने संस्थेवरच टाकली आहे. ते ठरवण्यासाठी साधन ज्या अवस्थेत सापडले त्याच अवस्थेत, शून्य न जुळवता, प्रयोगशाळेकडे गेले पाहिजे आणि दुरुस्तीपूर्वीची वाचने प्रमाणपत्रावर आली पाहिजेत. वाचने मर्यादेत असतील तर चूक फक्त मुदत पाळण्याची ठरते. ती मर्यादेबाहेर असतील तर मागच्या कॅलिब्रेशनपर्यंतचे लॉट तपासावे लागतात, आणि त्यातला माल सहयोगींकडे पोहोचला असेल तर त्यांना तसे रीतसर कळवावे लागते.

घाईत नेमके काय होते ते मी पाहिले आहे. शुक्रवार गाठायचा म्हणून कोणीतरी भला माणूस स्लिप गेज घेऊन बसतो, मायक्रोमीटर नीट जुळवतो आणि मग तो प्रयोगशाळेकडे पाठवतो. तिथून स्वच्छ प्रमाणपत्र येते, स्टिकर लागते, आणि 11 दिवसांच्या मालाबद्दलचा एकमेव पुरावा कायमचा पुसला जातो. तुझ्या सौजन्याच्या एका वाक्याने शॉप फ्लोअरवर ही घाई निर्माण झाली असती. म्हणून म्हणतो, नवे वचन नको.

‘पुन्हा कधीही होणार नाही’ हे तर त्याहून वाईट. अजून लेखी अहवाल आलेला नाही, ही त्रुटी मेजर धरली आहे की मायनर हे कागदावर आलेले नाही, आणि मूळ कारण आपण शोधलेलेही नाही. नोंदवहीत तारीख चुकली होती, की साधन एका टेबलावरून दुसऱ्यावर गेले आणि यादीतून सुटले? हे माहीत नसताना दिलेली हमी वाचून अनुभवी ऑडिटर निश्चिंत होत नाही, उलट तो सावध होतो. त्रुटी तात्पुरती निस्तरणे वेगळे आणि तिचे कारण दूर करणे वेगळे. दोन्हींची जागा करेक्टिव्ह अ‍ॅक्शनच्या उत्तरात आहे, तिथे पुराव्यासह तारखा द्यायच्या असतात.

मी या बाबतीत हटवादी आहे असे लोक म्हणतात आणि ते मला मान्य आहे. पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे मालकांनी माझा विरोध डावलून आभारपत्रात ‘होणारा खर्च आम्ही सोसू’ असे एक उदार वाक्य घातले. मालाच्या फेरतपासणीच्या खर्चाचे बिल आले तेव्हा त्याला तेच आभारपत्र जोडलेले होते. सहयोगींचे त्यात काही चुकले नव्हते, लिहून दिलेले त्यांनी वाचले होते. त्यानंतर माझ्या टेबलावरून गेलेली आभारपत्रे कोरडी आहेत असे ज्यांना वाटले त्यांना वाटू दे, त्यातल्या एकाही वाक्यावरून कोणाला मागे फिरावे लागले नाही.

कोरडेपणा टाळायचा असेल तर वचनाऐवजी तपशील घाल. तुझ्या टिपणात एक सुंदर गोष्ट होती आणि ती तू पत्रात घेतलीच नाहीस. होल्ड टॅग ट्रॉलीला न बांधता प्रत्येक क्रेटला का बांधावा, हे पाहुण्यांनी आवक तपासणीच्या विभागात स्वतः एक क्रेट उचलून दाखवले: क्रेट लाइनवर जातो, टॅग रिकाम्या ट्रॉलीवर राहतो, आणि अडवून ठेवलेला माल मोकळ्या मालात मिसळतो. इतके नेमके आठवून आभार मानलेले वाचले की त्यांचे येणे वाया गेले नाही हे त्यांना न सांगता कळते.

मराठी मसुदा मी असा केला असता:

‘आपण दोन दिवस आमच्या कारखान्यासाठी दिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. होल्ड टॅग प्रत्येक क्रेटला का असावा हे आपण आवक तपासणीच्या विभागात प्रत्यक्ष दाखवलेत, त्याचा आमच्या सहकाऱ्यांना उपयोग झाला. समारोपाच्या बैठकीत आपण मांडलेल्या मुद्द्यांची, त्यात मुदत संपलेल्या मायक्रोमीटरचीही, आम्ही नोंद घेतली आहे. आपला लेखी अहवाल मिळाल्यावर ठरलेल्या नमुन्यात आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर पाठवू.’

शेवटचे वाक्य पुढचे बोलते, पण ते बैठकीत आधीच ठरलेले आहे, त्यात नवे काही कबूल केलेले नाही. मायक्रोमीटरचे नाव आहे, म्हणजे लपवल्याचा प्रश्नही मिटला. टेबलावर त्या वेळी कोण काम करत होते ते मात्र कुठेही येऊ देऊ नकोस. हा मराठी मसुदा फलकावर लागणार आहे, आणि त्या माणसाने तो मान खाली न घालता वाचता आला पाहिजे.

इंग्रजी मसुदा आता यावरून नव्याने कर. दोन्हीकडे चारच वाक्ये ठेव आणि प्रत्येक जोडी समोरासमोर ठेवून तपास की एका भाषेत असलेली तारीख, हमी किंवा माफी दुसरीत नाही असे कुठे झाले आहे का. भेटीची तारीख लिहिताना महिना अक्षरात लिही, कारण 03/11 हा आपल्याकडे नोव्हेंबर असला तरी काही देशांत मार्च असतो. कारखान्यात काढलेले छायाचित्र जोडायचा मोह झाला तर मागे दुसऱ्या ग्राहकाचा भाग किंवा ड्रॉइंग दिसते का ते आधी पाहा. भेटवस्तूचा तर विषयच नको, अहवाल बाकी असताना ती ऑडिटरला अडचणीत टाकते.

साहेबांना दोन्ही मसुदे एकाच कागदावर दाखव आणि पत्र उद्या दुपारच्या आत, अहवाल येण्यापूर्वी जाऊ दे. अहवाल हातात पडल्यावर लिहिलेले आभार त्या अहवालावरचे उत्तर म्हणून वाचले जातात. आणि पत्र जाण्याची वाट न पाहता, आजच्या आज तो मायक्रोमीटर कोणी हात लावणार नाही असा वेगळा काढून, टॅग बांधून ठेव.

तुझा,
एक जुना सहकारी