'ॲज एक्स्पेक्टेड' लिहून भरलेला रकाना

प्रश्न: टेस्ट पास झाली असेल तर ॲक्च्युअल रिझल्टमध्ये नुसते 'ॲज एक्स्पेक्टेड' लिहिले तर चालते का? आणि स्टेप्स किती बारीक लिहायच्या?

चालत नाही. 'ॲज एक्स्पेक्टेड' वाचून टेस्टरचे मत कळते, पण त्याने पडद्यावर काय पाहिले ते कळत नाही, आणि तो रकाना नेमका तेवढ्यासाठीच असतो. या मुद्द्यावर माझा एका टेस्ट लीडशी बराच काळ वाद चालला होता, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमच्या एका वेब ॲप्लिकेशनची अशी रिक्वायरमेंट होती की, सलग पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिल्यास खाते 15 मिनिटांसाठी लॉक व्हावे. तिची टेस्ट केस रिग्रेशनच्या शीटमध्ये मी तिथे रुजू होण्यापूर्वीपासून होती. स्टेप एकच: 'पाच वेळा चुकीचा पासवर्ड द्या.' एक्स्पेक्टेड रिझल्ट: 'खाते लॉक व्हावे व योग्य मेसेज दिसावा.' ॲक्च्युअल रिझल्ट: 'ॲज एक्स्पेक्टेड.' स्टेटस: पास. प्रत्येक रिलीजच्या वेळी ही ओळ मागच्या शीटमधून हिरव्या रंगासकट पुढच्या शीटमध्ये उतरत असे.

ती केस माझ्याकडे आली तेव्हा पहिली अडचण एक्स्पेक्टेड रिझल्टमध्येच होती. 'खाते लॉक झाले' ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो केवळ मेसेज. खाते खरोखर लॉक झाले की नाही, हे त्यानंतर योग्य पासवर्ड देऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. आणि लॉक खात्याला लागले की फक्त त्या ब्राउझरला, हे दुसऱ्या ब्राउझरमधून प्रयत्न केल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी त्या एका ओळीच्या चार स्टेप्स केल्या. खाते ॲक्टिव्ह असावे आणि सुरुवातीला एकदा यशस्वी लॉगिन करून लॉगआउट केलेले असावे, म्हणजे आधीच्या चुकीच्या प्रयत्नांची मोजणी मध्ये येणार नाही, ही प्रीकंडिशन वर लिहिली. केस चालवल्यानंतर तक्ता असा दिसत होता:

| स्टेप | एक्स्पेक्टेड रिझल्ट | ॲक्च्युअल रिझल्ट | स्टेटस |
|---|---|---|---|
| 1. क्रोममध्ये पाच वेळा चुकीचा पासवर्ड द्या | पहिल्या चार वेळा 'पासवर्ड चुकीचा आहे'. पाचव्या वेळी 'खाते 15 मिनिटांसाठी लॉक केले आहे' | चार वेळा पहिला मेसेज. पाचव्या वेळी, 10:40 वाजता, लॉकचा मेसेज | पास |
| 2. क्रोममध्येच लगेच योग्य पासवर्ड द्या | लॉगिन होऊ नये. लॉकचा मेसेज दिसावा | 10:41 वाजता लॉगिन झाले नाही. लॉकचा मेसेज दिसला | पास |
| 3. फायरफॉक्समध्ये योग्य पासवर्ड द्या | लॉगिन होऊ नये. लॉकचा मेसेज दिसावा | 10:42 वाजता लॉगिन झाले. डॅशबोर्ड उघडला | फेल |
| 4. लॉकनंतर 16 मिनिटांनी क्रोममध्ये योग्य पासवर्ड द्या | लॉगिन व्हावे | चालवली नाही. स्टेप 3 मध्ये लॉगिन झाल्याने खात्याची स्थिती खात्रीची राहिली नाही | ब्लॉक्ड |

चुकीच्या प्रयत्नांची मोजणी डेटाबेसमध्ये खात्याच्या नावावर न ठेवता ब्राउझरच्या सेशनमध्ये ठेवलेली होती. सर्व्हर सेशन कुकीवरून ओळखतो, त्यामुळे कुकी नसली की नवे सेशन मिळून मोजणी पुन्हा शून्यावर येत असे. जो माणूस स्क्रिप्ट लावून पासवर्ड शोधत असेल, तो कुकी जपून ठेवण्याच्या फंदात पडत नाही. म्हणजे ज्याला अडवायचे त्याच्यासाठी हे लॉक नव्हतेच. डेव्हलपरने सुरुवातीला 'माझ्याकडे असे होत नाही' म्हणून बग परत पाठवला, कारण त्याने त्याच ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये पाहिले होते आणि टॅब बदलला तरी कुकी तीच राहते. मी त्याला स्टेप 3 मधील ब्राउझरचे नाव आणि वेळ दाखवली, त्याने सर्व्हरच्या लॉगमध्ये 10:42 ची नोंद काढली, आणि चर्चा तिथेच थांबली.

लीडशी मात्र ती थांबली नाही. चारपैकी दोन स्टेप्स पास आहेत, तेव्हा केसला 'पार्शल पास' द्यावे आणि रिमार्कमध्ये काय ते लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते 'पार्शल पास' नावाचे स्टेटस केवळ रिपोर्टमधला पासचा आकडा फुगवण्यासाठी जन्माला आलेले आहे. एक स्टेप फेल झाली की ती केस फेल. ज्यांना हे जड वाटते त्यांनी तिच्या दोन स्वतंत्र केसेस कराव्यात आणि प्रत्येकीला तिचे स्टेटस द्यावे. चौथ्या स्टेपवरूनही वाद झाला. 'चालवली नाही तर फेल लिहा, नाहीतर पास लिहा, मधले काही नको,' असे मला सांगण्यात आले. पण न चालवलेल्या स्टेपला फेल म्हटले तर डेव्हलपर नसलेला बग शोधत बसतो आणि पास म्हटले तर ती पुन्हा कोणी चालवत नाही. बग दुरुस्त होऊन आल्यावर ती चालवायची आहे, हे फक्त 'ब्लॉक्ड' मधून कळते.

स्टेप्सच्या बारीकपणाबद्दल: लॉगिनचे पान उघडा, नावाच्या चौकटीत क्लिक करा, असले लिहू नका. जिथे काहीतरी पडताळायचे आहे तिथे नवी स्टेप करावी, आणि एका स्टेपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी पडताळाव्या लागत असतील तर ती तोडावी.

'शेकडो केसेस आहेत, प्रत्येकीत एवढे लिहायला वेळ कुठे आहे?' हा त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हेही सांगायला हवे. एक्स्पेक्टेड रिझल्टमध्ये मेसेजचे नेमके शब्द किंवा नेमका आकडा लिहिलेला असेल आणि स्टेपही एकच असेल, तर घाईच्या वेळी 'ॲज एक्स्पेक्टेड' लिहिल्याने फारसे नुकसान होत नाही. स्क्रीनशॉट जोडला असेल तर त्याहून कमी. दुसरे असे की, एक्स्पेक्टेड रिझल्ट हा टेस्ट केसचा भाग असतो, पण ॲक्च्युअल रिझल्ट आणि स्टेटस हे त्या एका रनचे असतात. टेस्ट मॅनेजमेंटचे टूल वापरत असाल तर ते बहुधा हे वेगळे ठेवते. एक्सेल वापरत असाल तर प्रत्येक बिल्डसाठी शीटची प्रत करा, तिच्यावर बिल्ड नंबर टाका आणि रन सुरू करण्याआधी हे दोन्ही रकाने पूर्ण पुसून टाका. आमच्याकडे हे पुसणे होत नव्हते, म्हणूनच ती हिरवी ओळ इतके दिवस टिकली.

तुमच्या लीडनेही 'ॲज एक्स्पेक्टेड' चालते असे सांगितले असेल, तर वाद घालत बसू नका. शीटमधील एक्स्पेक्टेड रिझल्टच्या रकान्यावर 'योग्य', 'व्यवस्थित', 'बरोबर' या शब्दांचा फिल्टर लावा आणि ज्या ओळी उरतील त्यांतील पास झालेल्या केसेस स्वतः पुन्हा चालवा. प्रत्येकीत जे दिसेल ते वेळ, ब्राउझर आणि मेसेजच्या शब्दांसह लिहा आणि ती शीट त्यांना पाठवून द्या.