गच्चीवर अ‍ॅक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी, करायचं आहे. हजार लिटरच्या टाकीत किती मासे सोडू? आणि बाहेरून खत अजिबात लागत नाही, हे खरं का?

लागतं. नत्र तेवढं विकत आणावं लागत नाही. माशांच्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात आणि पालक, पुदिना जोमाने वाढतात, इथपर्यंत सगळं खरं. पण माशांचं खाद्य माशांसाठी बनवलेलं असतं. टोमॅटोला पुरेल इतकं लोह आणि पालाश त्यात नसतं, मग ते विष्ठेत येणार कुठून?

आमच्या भाऊजींना हे आजही पटत नाही. "बाहेरून काही घातलंस की साखळी बंद राहिली नाही," हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे बोअरचं पाणी. टोमॅटोची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. भाऊजी म्हणाले, नत्र कमी पडतंय, मासे वाढव. अहो, नत्र कमी असतं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती! झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं, लोह तसं हलवता येत नाही. मी मासे वाढवले नाहीत, पाण्याचा सामू म्हणजे पीएच तपासला. ८.२ निघाला. जिवाणू नायट्रेट करताना आम्ल सोडतात, पण बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट इतकं की ते आम्ल त्यातच जिरतं आणि सामू खाली येत नाही. अशा पाण्यात फेरस सल्फेट टाकलं की त्याचा गंज होऊन तळाला बसतो. दुकानात पटकन मिळणारं ईडीटीएचं लोहही टिकत नाही. अशा पाण्यात टिकतं ते ईडीडीएचएचं लोह, तेच मागा. हजार लिटरला २ ग्रॅम लोह, म्हणजे ६ टक्केवाल्या पाकिटातलं साधारण ३३ ग्रॅम. पाणी लालसर होतं, घाबरू नका. आमच्याकडे त्यानंतर फुटलेली पानं हिरवी आली.

व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसींनी ही पद्धत वर्षानुवर्षे चालवली. तेही दर ३ आठवड्यांनी लोह घालत आणि सामू उतरला की आलटून पालटून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुना, आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड देत. साखळीत बंद असतं ते फक्त पाणी. टोमॅटो तोडून घरात नेले की त्यातलं पालाशही टाकीबाहेर गेलं, ते परत घालायलाच हवं.

माशांचा आकडा विचारू नका, खाद्य मोजा. पालेभाजीच्या १ चौरस मीटरला रोज ४०-५० ग्रॅम खाद्य पुरतं. हजार लिटरला पूर्ण वाढलेले मिळून १०-२० किलो मासे, त्यावर जाऊ नका.

आणि हो, हे सगळं वीज असेल तर. हवेचा पंप बंद पडला की गर्दीच्या टाकीत मासे काही तासांत मरू शकतात, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप आधी घ्या. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर बोअरच्या पाण्यात मिसळा, सामूचा निम्मा त्रास कमी होईल. फक्त पालेभाजीच लावणार असाल तर पालाशाची एवढी चणचण भासणार नाही, पण टोमॅटो लावून "काहीच घालायचं नाही" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.