योग रिट्रीटच्या कॅरोसेलची स्क्रिप्ट: फायदे वेळापत्रकातून काढा

प्रश्न: कोल्हापुरात माझा योगवर्ग आहे. पन्हाळ्यावर बारा जणांचं रिट्रीट घेतेय, शुक्रवार दुपार ते रविवार दुपार. इन्स्टाग्रामसाठी "रिट्रीटचे पाच फायदे" असा कॅरोसेल करायचाय. काहीही लिहिलं तरी शेवटी तणावमुक्ती, मनःशांती, लवचिकता इथंच येऊन थांबतं. स्क्रिप्ट कशी लिहू?

उत्तर:

तिथंच थांबणार, कारण ते फायदे योगाचे आहेत, रिट्रीटचे नाहीत. वाचणारा मनात म्हणतो, "रंकाळ्यावर सकाळी चक्कर मारली, घरी चार आसनं केली, झालं की. पन्हाळ्याला पैसे भरून कशाला जाऊ?" त्यामुळं प्रत्येक स्लाइडनं एवढंच सांगायचं, की रोजच्या तासाभराच्या वर्गात जे होऊच शकत नाही, ते इथं कशामुळं होतं. "कशामुळं"चं उत्तर तुमच्या वेळापत्रकात असतं. म्हणून स्क्रिप्ट लिहायच्या आधी वेळापत्रक कागदावर काढा आणि त्याच्या एकेका ओळीतून एकेक फायदा उचला.

समजा, तुमचा दिवस असा आहे: साडेपाचला उठणं, सहा ते साडेसात आसनं, मग नाश्ता, साडेबाराला जेवण, साडेचार ते सहा दुसरा सराव, सातला हलकं जेवण, साडेनऊला दिवे बंद. शुक्रवारी संध्याकाळी एक सराव, शनिवारी दोन, रविवारी सकाळी एक, म्हणजे एकूण चार. शिकवणाऱ्या दोघी.

यातला सगळ्यात दमदार फायदा माझ्या मते दुरुस्तीचा. वर्गात पंचवीस जण असतात. वीरभद्रासनात कुणाचा पुढचा गुडघा आत पडत असेल, तर तुम्ही एकदा सांगता, तो एकदा सुधारतो आणि परवा पुन्हा तसाच उभा राहतो. इथं एकीच्या वाट्याला सहाच जण, आणि शुक्रवारी सांगितलेलं शनिवारी सकाळी लगेच तपासता येतं. स्लाइडवर हे असं येईल:

"वीरभद्रासनात गुडघा आत पडतो?
१२ जण, २ शिक्षिका. तुमची चूक शुक्रवारी दाखवली जाईल आणि पुढच्या तिन्ही सरावांत पुन्हा बघितली जाईल."

"वैयक्तिक लक्ष" हा शब्द मुद्दाम टाळलाय. तो सगळेच लिहितात. गुडघा कुणी लिहीत नाही.

ही स्लाइड मुखपृष्ठानंतर लगेच, म्हणजे दुसरी ठेवा. पहिली स्लाइड बघून कुणी पुढं सरकवलं नाही, तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना बऱ्याचदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. तिथं "योग म्हणजे काय" किंवा तुमची ओळख असेल, तर ती दुसरी संधी वाया गेली.

दुसरा फायदा पोटाचा. संध्याकाळच्या वर्गाला माणसं ऑफिसातून येतात, येताना चहा आणि मूठभर भडंग झालेलं असतं. पश्चिमोत्तानासनात पोट आड येतं, कपालभातीत मळमळतं, आणि माणूस समजतो आपलं अंग ताठ आहे. रिट्रीटमध्ये साडेबाराचं जेवण आणि साडेचारचा सराव यांत चार तास असतात. स्लाइड: "संध्याकाळचा सरावही रिकाम्या पोटी. जेवण आणि सराव यांत पूर्ण चार तास." बास. मात्र मधल्या वेळेत कुणी गडावर झुणका-भाकर खायला निघालं तर ही स्लाइड खोटी ठरते, म्हणून तो नियम आधीच कळवा.

झोपेच्या स्लाइडवर हात आखडता घ्या. दोन रात्रींत निद्रानाश जातो असं लिहू नका. "दोन रात्री, साडेनऊला दिवे बंद" हे तुमच्या हातात आहे, तेवढंच लिहा. फोनचंही तसंच: "मोबाइल डिटॉक्स" म्हणण्यापेक्षा "सरावाच्या वेळी फोन पेटीत, घरच्यांसाठी आमचा नंबर चालू" असं लिहा. लहान मुलांची आई किंवा म्हातारे आईवडील घरी असलेला माणूस दुसऱ्या वाक्यामुळंच यायला तयार होतो.

पाचवा फायदा घरी परतल्यावरचा असू द्या. रविवारच्या सरावात प्रत्येकानं आपापला वीस मिनिटांचा क्रम न सांगता करायचा, तुम्ही फक्त बघायचं आणि तो क्रम कागदावर लिहून द्यायचा. स्लाइड: "सोमवारी घरी काय करायचं, ते लिहून मिळेल. २० मिनिटं, तुमच्या शरीराला जमेल तेवढंच." हे करणार नसाल तर ही स्लाइड काढा आणि चारच फायदे द्या. पाचचा आकडा गाठायला घातलेला फायदा लगेच ओळखू येतो.

एक चाचणी: स्लाइडवरचं वाक्य कुठल्याही हॉटेलच्या जाहिरातीत जसंच्या तसं चालत असेल, तर खोडा.

सातवी स्लाइड मर्यादेची. उच्च रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचा त्रास, हर्निया किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आम्हाला कळवा, असं लिहा. शीर्षासनासारखी उलटी आसनं आणि कपालभाती यांतल्या बऱ्याच जणांना चालत नाहीत. आणि "शुगर बरी होते", "बीपीच्या गोळ्या सुटतात" असं कुठंच नको. हे सिद्ध करता येत नाही, दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते, आणि कुणी खरंच गोळी बंद केली तर काय? आठव्या स्लाइडवर तारीख, रक्कम आणि रक्कमेत काय काय आलं ते. रक्कम लपवून "मेसेज करा" लिहिलं की खाली वीस जण "किती?" एवढंच विचारतात.

मुखपृष्ठावर नुसतं "योग शिबिर" लिहू नका. मैदानातला सकाळचा फुकटचा कार्यक्रम डोळ्यासमोर येतो. "निवासी" हा शब्द हवाच. "तीन दिवस"ऐवजी "दोन रात्री" लिहा, नाहीतर रविवारी दुपारी कुणीतरी हिशेब मागेल. उदाहरणार्थ: "रोजच्या वर्गात जे राहून जातं. पन्हाळ्यावर दोन रात्री, निवासी योग शिबिराचे ५ फायदे."

मजकुराचं माप: मथळा पाच-सहा शब्द, खाली वीस-पंचवीस शब्द. कॅनव्हास १०८० बाय १३५० ठेवला तर मथळ्याच्या अक्षरांचा आकार ८० पिक्सेलच्या आसपास, मजकुराचा ४४च्या खाली नको. प्रोफाइलच्या चौकटीत मुखपृष्ठाच्या दोन्ही कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून बाजूला शंभरेक पिक्सेल मोकळे सोडा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त, दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फाइल तयार झाली की "स्थिती", "शिबिर", "प्राणायाम" हे शब्द फोनवर मोठे करून बघा. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षर फुटतं. तसं दिसलं तर सॉफ्टवेअरच्या टाइप सेटिंगमध्ये भारतीय लिपींचा पर्याय चालू करा आणि मजकूर युनिकोड फाँटमध्येच टाइप करा. जुन्या डीटीपी फाइलमधून चिकटवू नका.