गुगलवर वर येणारी पानं बघून आउटलाइन करतो, पण ती त्यांचीच कॉपी वाटते. काय करू?

हेडिंगं उतरवून घेणं बंद करा. हेडिंगांसोबत त्यांचा क्रमही येतो आणि मग शब्द कितीही बदला, सांगाडा त्यांचाच राहतो.

मी सांगलीत राहून लिहिते. एका हळद विक्रेत्यासाठी ‘राजापुरी हळद कशी ओळखावी’ हा लेख करायचा होता. एजन्सीच्या साहेबांची पद्धत ठरलेली: पहिल्या पाच पानांची सगळी H2, म्हणजे उपशीर्षकं, शीटमध्ये टाका, दुबार आलेली काढा, झाली आउटलाइन. त्यातून आलं काय? ‘हळद म्हणजे काय’, इतिहास, फायदे, प्रकार, आणि ओळखायचं कसं ते पार तळाला. राजापुरी हे जातीचं नाव टाकून शोधणाऱ्याला हळद म्हणजे काय हे सांगायचं?

मी हेडिंगं झाकली आणि प्रत्येक परिच्छेद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय तेवढंच लिहीत गेले. मग गंमत दिसली. पाण्यात हळद टाकून बघायची चाचणी पाचही पानांवर होती. शुद्ध हळद तळाशी बसते, पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पण यातून भेसळ कळते, हळदीची जात कळत नाही! पाचही जणांनी दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले होते.

उरलेलं दुकानातून मिळालं. फोनवर गिऱ्हाईक काय विचारतं, असं मालकांना विचारलं. ‘पावडर घेऊ का हळकुंड?’ हा प्रश्न एकाही पानावर नव्हता. मग आउटलाइन घेणाऱ्याच्या निर्णयाच्या क्रमाने लावली. आधी पावडर बघून जात ओळखता येते का (नुसत्या डोळ्यांनी नाही), म्हणून हळकुंड घ्यायचं का, विकणाऱ्याला काय विचारायचं, २०१८ साली सांगली हळदीला मिळालेल्या जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, इथे उपयोग काय, आणि पावडरच घ्यायची असेल तर शेवटी पाण्याची चाचणी. सगळ्यांकडे असलेला मुद्दा मी वगळला नाही, वाचक तो शोधतोच. फक्त त्याचं काम बदललं. इतिहास मात्र गाळला.

शेवटी आपली यादी एकेका पानाशेजारी ठेवून बघा. सलग तीन मुद्दे त्याच क्रमाने आले तर तो क्रम विषयाने मागितलाय का सवयीने आलाय, हे तपासा. हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं याचा क्रम सगळीकडे तोच असणार, ती कॉपी नव्हे.

साहेबांचं म्हणणं, ‘गुगलला हेच आवडतं.’ पण पान वर येण्यामागे साइट जुनी असणं, तिला बाहेरून भरपूर लिंक असणं हेही असू शकतं. नुसती H2 बघून हे कसं कळणार, याचं उत्तर त्यांनी मला आजवर दिलेलं नाही.