वायफायचं नाव एकच, तरी मिररिंगमध्ये टीव्ही का दिसत नाही?

प्रश्न: घरात दोन राऊटर आहेत, दोन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवलाय. बेडरूममधला टीव्ही आतल्या राऊटरवर आहे, फोनही त्याच वायफायवर. यूट्यूबचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवता येतो, पण स्क्रीन मिररिंग लावलं की ‘No devices found’. असं का?

उत्तर:

तुमच्याकडे वायफायचं नाव एक आहे, पण नेटवर्क बहुतेक दोन आहेत. दोन राऊटरना एकच नाव दिलं म्हणून ते एकत्र येत नाहीत. दुसरा, म्हणजे आतला राऊटर जसा खोक्यातून निघतो तसाच जोडला, तर तो त्याच्यापुरतं वेगळं नेटवर्क उभं करतो आणि त्यातल्या उपकरणांना स्वतःच पत्ते वाटतो. फोनच्या पडद्यावर नाव तेच दिसत राहतं, त्यामुळे शंका येत नाही.

यूट्यूब चालतं म्हणून नेटवर्क ठीक आहे, असं मात्र धरून चालू नका. टीव्ही एकदा कोड टाकून जोडलेला असला की फोन आणि टीव्ही दोघंही यूट्यूबच्या सर्व्हरशी इंटरनेटवरून बोलतात. तुमचा फोन मोबाईल डेटावर असला तरी ते चालतं. मिररिंगमध्ये फोनला टीव्ही घरातल्या घरात शोधावा लागतो, आणि अडचण नेमकी त्या शोधण्यात आहे.

हा शोध कसा चालतो ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. गूगल कास्ट किंवा एअरप्ले वापरताना फोन २२४.०.०.२५१ या ठरावीक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवरून, नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम विचारतो की कास्ट घेणारं कुणी आहे का. टीव्ही त्याला आपलं नाव आणि पत्ता कळवतो, मग ते नाव तुमच्या यादीत येतं. ही हाक फक्त एका नेटवर्कपुरती असते. राऊटर ती पलीकडच्या नेटवर्कमध्ये जाऊ देत नाही. तो काही बिघाड नाही, तसंच ठरलेलं आहे. म्हणून फोन एका बाजूला आणि टीव्ही दुसऱ्या बाजूला असेल तर यादी रिकामीच राहणार, मग दोन्हीकडे इंटरनेट कितीही छान चालत असो.

आता तपासणी. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात जाऊन त्याचा आयपी पत्ता बघा. फोनमध्ये वायफायच्या यादीत जोडलेल्या नेटवर्कच्या बाजूच्या चिन्हावर दाबलं की त्याचा पत्ता दिसतो. समजा टीव्हीचा पत्ता १९२.१६८.०.१०५ आहे आणि फोनचा १९२.१६८.१.२३. घरगुती राऊटरचा सबनेट मास्क साधारणपणे २५५.२५५.२५५.० असतो, म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असतील तरच दोघं एका नेटवर्कमध्ये. इथे तिसरा आकडा वेगळा आहे, एकीकडे ०, दुसरीकडे १. कारण सापडलं.

फोनचा पत्ता बघताना बेडरूममध्ये, टीव्हीसमोर उभे राहून बघा. फोन एका राऊटरला चिकटला की सिग्नल बराच कमी होईपर्यंत तो सोडत नाही. हॉलमधून बेडरूममध्ये आलात तरी तो हॉलच्याच राऊटरवर असू शकतो. काल टीव्ही दिसत होता, आज दिसत नाही, अशी तक्रार दोन राऊटरच्या घरात येते तेव्हा मला पहिला संशय याचाच येतो. वायफाय बंद करून पुन्हा चालू केल्यावर टीव्ही यादीत आला तर संशय खरा.

पिंग करून, म्हणजे टीव्हीच्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघणारे इथे हमखास फसतात. फोन किंवा लॅपटॉप आतल्या राऊटरवर असेल आणि टीव्ही बाहेरच्यावर, म्हणजे इंटरनेटची लाइन ज्यात येते त्या राऊटरवर, तर पिंगला उत्तर येतं, कारण आतून बाहेर जायला वाट मोकळी असते. उलट दिशेने मात्र येत नाही. पण पिंग एका ठरलेल्या पत्त्यावर जातो, शोधाची हाक तशी जात नाही. त्यामुळे पिंग लागतोय म्हणजे टीव्ही सापडायलाच हवा, हे खरं नाही. आधी पत्ते जुळवा, पिंग नंतर.

यावर पक्का उपाय म्हणजे आतल्या राऊटरला राऊटरचं काम करू न देता नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे बाहेरच्या राऊटरचंच नेटवर्क वायफायने पुढे देणारा, करणं. त्याच्या सेटिंग्जमध्ये Operation Mode किंवा तशाच नावाखाली Access Point Mode असेल तर तेवढं निवडा, सेव्ह करा आणि तो पुन्हा सुरू होऊ द्या. बहुतेक नव्या राऊटरमध्ये ही सोय असते, आणि असेल तर पुढचा परिच्छेद सोडून दिलात तरी चालेल.

नसेल तर हाताने करावं लागतं, आणि त्यात क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा आतल्या राऊटरच्या WAN पोर्टमधली, म्हणजे बाहेरच्या राऊटरकडून आलेली केबल काढा. ती तशीच ठेवून पत्ता बदलायला गेलात तर दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क येतंय म्हणून राऊटर नकार देईल. मग लॅपटॉप त्याच्या LAN पोर्टला जोडून त्याचा LAN पत्ता बाहेरच्या राऊटरच्या ओळीतला करा. बाहेरचा १९२.१६८.१.१ असेल तर आतल्याला १९२.१६८.१.२५० द्या. बाहेरचा राऊटर कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते त्याच्या DHCP पानावर दिसतं. २५० त्या पट्ट्यात येत असेल तर पट्टा २००ला थांबवा, नाहीतर एखाद्या दिवशी तोच पत्ता दुसऱ्या कुणाच्या तरी फोनला मिळेल. आता नव्या पत्त्यावरून पुन्हा लॉगिन करा आणि DHCP Server बंद करा. शेवटी बाहेरून येणारी केबल WAN ऐवजी LAN पोर्टला लावा. WAN पोर्ट रिकामा राहील, तो तसाच राहू द्या. DHCP बंद करायचं राहून गेलं तर दोन राऊटर एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटत बसतात, आणि मग कुणाचं इंटरनेट चालतं, कुणाचं नाही, असा गोंधळ होतो.

हे झाल्यावर टीव्हीला नवा पत्ता मिळायला हवा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरं तर स्टँडबायवर असतो आणि जुना पत्ता धरून बसू शकतो. प्लग काढून मिनिटभर थांबा, मग लावा आणि पत्ता पुन्हा बघा. तो १९२.१६८.१ ने सुरू झाला आणि फोनचाही तसाच असला तर मिररिंगच्या यादीत टीव्ही यायला हवा.

पत्ते जुळूनही टीव्ही येत नसेल तर राऊटर दोघांना एकमेकांशी बोलू देत नाही का ते बघा. पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क हेच करतं. फोन किंवा टीव्ही त्यावर असेल तर दोघांनाही मुख्य नेटवर्कवर आणा. मुख्य नेटवर्कवरही AP Isolation, Client Isolation किंवा Wireless Isolation अशा नावाची सेटिंग असते. ती चालू असली की प्रत्येक उपकरणाला इंटरनेट मिळतं, पण शेजारचं उपकरण दिसत नाही. तपासायला त्याच वायफायवरच्या लॅपटॉपवरून टीव्हीचा पत्ता घालून हे चालवा (पत्ता तुमच्या टीव्हीचा):

```
ping 192.168.1.105
arp -a
```

काही टीव्ही पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून दुसरी ओळ. तिच्या यादीत टीव्हीच्या पत्त्यासमोर अक्षरं-आकड्यांच्या सहा जोड्यांचा भौतिक पत्ता दिसला, तर टीव्हीपर्यंत पोचता येतंय आणि दोष पुढे कुठेतरी आहे. पिंगही नाही आणि या यादीत टीव्हीही नाही, तर आयसोलेशनच धरा. टीव्हीला तात्पुरती केबल लावल्यावर तो लगेच यादीत आला, तरी तेच.

एक वेगळं लक्षणही लक्षात ठेवा. टीव्ही चालू केल्यावर काही मिनिटं सापडतो आणि मग गायब होतो, असं होत असेल तर राऊटरमधलं IGMP Snooping बंद करून बघा. सगळ्यांना उद्देशून जाणारे संदेश कुणाला हवेत याची नोंद राऊटर त्यात ठेवतो, आणि काही राऊटर ती नोंद चुकीची ठेवून टीव्हीला वगळतात. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या मागे मात्र लागू नका. एकाच राऊटरचे ते दोन पट्टे असतील आणि आयसोलेशन नसेल, तर फोन एकावर आणि टीव्ही दुसऱ्यावर असला तरी चालतं.

फोनच्या बाजूने दोनच गोष्टी बघतो. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, कारण काही व्हीपीएन घरातल्या नेटवर्कची वाटही अडवतात. आणि परवानगी: आयफोनमध्ये Privacy & Security मधल्या Local Network खाली गूगल होमसारखं ॲप चालू आहे का, आणि अँड्रॉइडमध्ये त्या ॲपला जवळची उपकरणं शोधायची परवानगी आहे का. परवानगी नाकारलेली असली की ॲप बहुतेक वेळा पुन्हा विचारत नाही, नुसती रिकामी यादी दाखवतं.

वरचं सगळं कास्ट आणि एअरप्लेला लागू आहे. तुम्ही विंडोजमध्ये Win + K दाबून किंवा सॅमसंगच्या Smart View मधून जोडत असाल, तर ते बहुतेक वेळा मिराकास्टने जातं. त्यात फोन किंवा लॅपटॉप आणि टीव्ही सहसा राऊटरला मध्ये न घेता थेट एकमेकांशी वायफायने जोडले जातात, म्हणून एकाच नेटवर्कचा नियम तिथे लागत नाही. तिथे दोन्हीकडे वायफाय चालू हवं, आणि काही टीव्हींवर आधी Screen Mirroring चा पडदा उघडून ठेवावा लागतो. आयफोनमध्ये आणि गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये मिराकास्ट नाही. तेव्हा टीव्ही फक्त मिराकास्ट घेणारा असेल तर त्या फोनवर तो कधीच दिसणार नाही, मग राऊटरमध्ये कितीही फेरफार करा.

सॅमसंगच्या टीव्हीवर आणखी एक बघा. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर Allow की Deny असं विचारलं जातं. घाईत Deny दाबलं गेलं तर तो फोन अडवलेल्यांच्या यादीत जातो आणि पुढच्या वेळी टीव्ही काही विचारतही नाही. सेटिंग्जमध्ये External Device Manager, मग Device Connection Manager, तिथल्या Device List मधून त्या फोनचं नाव काढा आणि पुन्हा जोडा.