स्वयंपाकघर कुठे घ्यायचं: सरासरी सोडा, मध्यक काढा

प्रश्न: सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या अभ्यासिका आणि वसतिगृहांना आम्ही जेवणाचे डबे पोचवतो. एक मोठं गिऱ्हाईक मार्केट यार्डात आहे. प्रत्येक ठिकाणी स्कूटरची वेगळी फेरी होते. आता एकच स्वयंपाकघर भाड्याने घ्यायचंय. सगळ्या ठिकाणांची फेऱ्यांच्या हिशोबाने सरासरी काढली तर जागा बाजीराव रस्त्याजवळ येते. बायको म्हणते पेरूगेटच्या बाजूलाच बघा. नक्की कोणाचं बरोबर? यादी सोबत दिली आहे.

उत्तर:

वहिनींचं बरोबर आहे. का, ते तुमच्याच यादीवरून दाखवतो.

शनिपार हा शून्य धरला आहे. बाजीराव रस्त्याच्या रेषेत उभं अंतर, त्याला काटकोनात आडवं. आकडे शंभर मीटरपर्यंत गोळा केलेत, जागा शोधायला तेवढे पुरतात.

| ठिकाण | आडवं (मीटर) | उभं (मीटर) | रोजच्या फेऱ्या |
|---|---|---|---|
| मार्केट यार्ड | पूर्व १३०० | दक्षिण २७०० | ३ |
| शुक्रवार पेठ | पूर्व २०० | दक्षिण ४०० | २ |
| शनिवार पेठ | पश्चिम ३०० | उत्तर ७०० | ३ |
| टिळक रस्ता | पश्चिम ४०० | दक्षिण ६०० | २ |
| नारायण पेठ | पश्चिम ५०० | उत्तर ३०० | ४ |
| पेरूगेट | पश्चिम ६०० | दक्षिण २०० | ५ |

पेठांत स्कूटर वाड्यांवरून तिरकी जात नाही. काही अंतर आडवं जाते, काही उभं, आणि वळण आधी घेतलं काय नि नंतर घेतलं काय, बेरीज तीच राहते. त्यामुळे स्वयंपाकघर पूर्व-पश्चिम सरकवलं तर उभ्या अंतरात काहीच फरक पडत नाही, आणि उत्तर-दक्षिण सरकवलं तर आडव्यात पडत नाही. म्हणजे हा एक अवघड प्रश्न नसून दोन सोपे प्रश्न आहेत. एका सरळ रस्त्यावर दुकान कुठे टाकायचं, एवढंच दोनदा सोडवायचं.

आता फक्त आडवा रस्ता डोळ्यासमोर आणा. तुम्ही कुठेतरी उभे आहात आणि एक मीटर पश्चिमेला सरकलात. पश्चिमेकडची प्रत्येक फेरी एक मीटरने कमी झाली, पूर्वेकडची प्रत्येक एक मीटरने वाढली. गिऱ्हाईक दोनशे मीटरवर आहे की दोन किलोमीटरवर, याचा इथे संबंधच येत नाही. पश्चिमेला फेऱ्या जास्त असतील तोवर सरकत राहायचं आणि दोन्हीकडच्या फेऱ्यांचं पारडं जिथे फिरतं तिथे थांबायचं. हाच मध्यक.

तुमच्या एकूण फेऱ्या १९, निम्म्या साडेनऊ. आडव्या अंतरात पूर्वेकडून मोजत या: मार्केट यार्ड ३, शुक्रवार पेठ धरून ५, शनिवार पेठ धरून ८, टिळक रस्ता धरून १०. साडेनऊ ओलांडले, म्हणून आडवी जागा पश्चिम ४००. उभ्या अंतरात दक्षिणेकडून: मार्केट यार्ड ३, टिळक रस्ता धरून ५, शुक्रवार पेठ धरून ७, पेरूगेट धरून १२. म्हणून उभी जागा दक्षिण २००. स्वयंपाकघर शनिपारपासून ४०० मीटर पश्चिमेला आणि २०० मीटर दक्षिणेला, म्हणजे पेरूगेटच्या थोडं अलीकडे. या जागी तुमचं एकही गिऱ्हाईक नाही, हे लक्षात घ्या. आडवा आकडा टिळक रस्त्याचा, उभा पेरूगेटचा. असं होणं अगदी नेहमीचं आहे, त्यात गणित चुकलेलं नसतं.

तुमची सरासरी येते साधारण पश्चिम १३०, दक्षिण ४१०. दोन्ही ठिकाणांहून जाण्याच्या अंतरांना फेऱ्यांनी गुणून बेरीज केली, तर मध्यकावरून २१.४ किलोमीटर होतात आणि सरासरीवरून २४.३. जाऊन-येऊन धरलं तर रोज जवळजवळ सहा किलोमीटरचा फरक, तोही एकही गिऱ्हाईक न बदलता.

सरासरी फसते कारण ती अंतराच्या वर्गांची बेरीज कमी करते, अंतरांची नाही. लांबच्या गिऱ्हाइकाला ती उगाच जास्त मान देते. मार्केट यार्डाचं गिऱ्हाईक उद्या तिथून कात्रजच्या दिशेने आणखी ३३०० मीटर दक्षिणेला गेलं, तर सरासरी ५२० मीटर दक्षिणेला घसरेल. मध्यक जागचा हलणार नाही, आणि हलायला नकोच, कारण त्या तीन फेऱ्या वाढीव अंतर कुठूनही कापणारच आहेत. (काटकोनी अंतराऐवजी सरळ रेषेचं अंतर धरलं तर सरासरीही नाही आणि हा मध्यकही नाही, तिसराच बिंदू लागतो. तो काढायला वाइसफेल्डची १९३७ सालची पुन्हा पुन्हा आकडेमोड करत जवळ जाण्याची पद्धत वापरतात. आपल्याला इथे नुसतं क्रमाने लावून मोजायचं आहे, हे नशीबच.)

पण खरा उपयोग पुढे आहे. नेमक्या त्या बिंदूवर तुम्हाला गाळा मिळणार नाही, मग किती सरकलेलं परवडेल? तेही त्याच मोजणीतून निघतं. मध्यकावरून पश्चिमेला निघालात की पूर्वेला १० फेऱ्या मागे राहतात आणि पुढे ९ असतात. फरक एकाचा, म्हणून १०० मीटर पश्चिमेला सरकण्याची किंमत रोज जाऊन-येऊन फक्त २०० मीटर. पूर्वेला सरकलात तर ११ विरुद्ध ८, तेवढ्याच १०० मीटरला ६०० मीटर पडतात. उत्तरेला किंवा दक्षिणेला १२ विरुद्ध ७, म्हणजे १०० मीटरला पूर्ण एक किलोमीटर. पण पश्चिमेलाही नारायण पेठेच्या रेषेपुढे, म्हणजे ५०० च्या पलीकडे गेलात की १४ विरुद्ध ५ होतं आणि भाव एकदम नऊपट चढतो. तेव्हा गाळा शोधताना ४०० ते ५०० या आडव्या पट्ट्यात निर्धास्त हिंडा, उत्तर-दक्षिण मात्र हात आखडता ठेवा. घरमालकाशी भाड्याची घासाघीस करताना हे आकडे खिशात असू द्या.

कधी कधी पारडं बरोबर निम्म्यावर येतं. समजा मार्केट यार्डाच्या फेऱ्या ३ च्या ६ झाल्या. एकूण २२, निम्म्या ११, आणि पूर्वेकडून शनिवार पेठेपर्यंत मोजलं की नेमक्या ११ भरतात. मग पश्चिम ३०० ते ४०० मधली कुठलीही जागा सारखीच चांगली. अशा वेळी दोघांच्या मधोमध जागा घ्यायचा हट्ट करू नका, स्वस्त असेल ती घ्या. आणि एखाद्या गिऱ्हाइकाकडे एकूण फेऱ्यांच्या निम्म्याहून जास्त असतील तर बाकी काही मोजूच नका, त्याच्याच दारात जागा बघा.

नदीपलीकडे डेक्कनचं गिऱ्हाईक आलं तर काय, हे बहुतेक पुढचं विचाराल. मुठेवरून सरळ जाता येत नाही, पूल गाठावा लागतो, तेव्हा काटकोनी अंतर तिथे मोडतं. उपाय सोपा आहे. जोवर स्वयंपाकघर पेठांच्या बाजूला आहे तोवर त्या गिऱ्हाइकाच्या जागी पुलाचं अलीकडचं टोक धरा. पुलापलीकडचं अंतर जागा कुठेही घेतली तरी तेवढंच राहतं. समजा रोजच्या २ फेऱ्या लकडी पुलावरून, म्हणजे अलका टॉकीजच्या चौकातून जाणार. एकूण २१, निम्म्या साडेदहा. आता पूर्वेकडून मोजताना टिळक रस्त्यापर्यंत १० च भरतात, त्यामुळे आडवी जागा नारायण पेठेच्या रेषेवर, पश्चिम ५०० ला जाते. उभी जागा आहे तिथेच राहते. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद होतो, म्हणून कुठला पूल धरावा असा घोळ होतो खरा. पण दोन्ही पुलांची अलीकडची टोकं या जागेच्या पश्चिमेला आणि उत्तरेलाच आहेत. मध्यकाला फक्त बाजू कळते, त्यामुळे पूल बदलला तरी उत्तर बदलत नाही. दोन पूल जागेच्या दोन बाजूंना असते तर दोन्ही धरून वेगवेगळी गणितं करावी लागली असती.

अक्षांश-रेखांश मोबाइलवरून उचलून थेट हीच मोजणी करणार असाल तर जरा थांबा. काटकोनी अंतर रस्त्यांच्या दिशेने मोजायचं असतं, नकाशाच्या उत्तर-दक्षिणेने नाही. अक्ष फिरवले की मध्यकही बदलतो. पुण्यात अक्षांशाचा ०.००१ अंश म्हणजे साधारण १११ मीटर आणि रेखांशाचा १०६. आधी शनिपारपासूनचे मीटर काढा (पूर्वेला `x`, उत्तरेला `y`). मग बाजीराव रस्त्यावरचे दक्षिणेचा आणि उत्तरेचा असे दोन लांबचे चौक घ्या. दक्षिणेच्या चौकापासून उत्तरेच्या चौकापर्यंत मोजलेला पूर्वेचा फरक भागिले अंतर म्हणजे `c`, उत्तरेचा फरक भागिले अंतर म्हणजे `s`. पुढे सगळी ठिकाणं अशी फिरवा:

```
u = x*c + y*s
v = x*s - y*c
```

`u` हे उभं, `v` हे आडवं. त्यात `v` धन आला तर पूर्व. गृहीतक बसतंय का हे तपासायला पाच-सहा जोड्या घ्या, नकाशावरचं चालत जायचं अंतर बघा आणि `u` मधला फरक आणि `v` मधला फरक यांच्या, उणे चिन्ह सोडून केलेल्या बेरजेशी ताडून पाहा. एक-दोन जोड्याच वेगळ्या निघाल्या तर मध्ये बोळ किंवा बंद गल्ली असेल, सोडून द्या. एकाच दिशेच्या सगळ्या जोड्या वेगळ्या निघाल्या तर अक्ष चुकीच्या कोनात फिरवलेत.

चालत जायचं अंतर मुद्दाम म्हणालो, कारण गाडीच्या अंतरात एकेरी रस्ते येतात. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता एकमेकांच्या उलट दिशेने एकेरी आहेत, त्यामुळे तुमची जायची वाट आणि यायची वाट एक नसते. मध्यक हे सांगू शकत नाही, तो फक्त कुठल्या चार गल्ल्या बघायच्या ते सांगतो. मिळणारे तीन-चार गाळे निवडले की प्रत्येकापासून सहाही ठिकाणी जाण्याचं आणि परत येण्याचं गाडीचं अंतर काढा, फेऱ्यांनी गुणा, बेरीज करा. ही बेरीज आणि भाडं शेजारी मांडून ठरवा.

आणि हे सगळं प्रत्येक ठिकाणी वेगळी फेरी आहे म्हणून चालतं. एकच टेम्पो करून सगळीकडे एका फेरीत डबे टाकायचा विचार असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा. तिथे स्वयंपाकघराच्या जागेचा संबंध फक्त पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याशी येतो, आणि डब्यांची संख्या किंवा फेऱ्या यांचा भार लावणं चूक ठरतं. मार्केट यार्डासाठी टेम्पो आणि पेठांसाठी स्कूटर असं मिश्र केलंत तर टेम्पोचा दिवसाचा जाण्या-येण्याचा खर्च स्कूटरच्या किती फेऱ्यांइतका पडतो ते काढा आणि यादीतल्या ३ च्या जागी तो आकडा घाला.