नाकावरच्या खड्ड्याला क्रीम नको, आधी फ्रेम बघ

अगं चष्म्यानं नाकावर पडलेल्या खड्ड्यासाठी क्रीमवर पैसे घालवू नकोस गं आत्ताच. तुझा खड्डा एकाच बाजूला खोल हाय म्हणालीस ना, मग बहुतेक फ्रेम वाकडी हाय बघ. चष्मा काड्या उघडून सपाट टेबलावर ठेव, डगमगला की समज. माझा पण तसाच होता, उजवं नोजपॅड नुसत्या कडेवर टेकायचं म्हणून बारीक काळी रेघ पडलेली, खडेबाजारात दुकानदारानं पॅड सपाट बसवलं, काडी गरम करून कानामागं वाकवली, दहा मिनिटांचं काम, खड्डा आठवड्यात भरत आला पण काळा डाग जायला चार-पाच महिने लागले की.

डाग उन्हानं अजून गडद होतो, म्हणून सनस्क्रीन लाव, पण ते नीट मुरल्यावरच चष्मा घाल, नाहीतर पॅडखाली चिकटून घसरतो आणि आपण दिवसभर वर ढकलत बसतो, त्यानंच जास्त घासतं. रात्री पॅड साबणपाण्यानं धू, हिरवट थर बसतो बघ तिथं, ईईई. स्क्रब अजिबात नको.

फ्रेम नीट करून पण महिनाभरात जखम भरली नाही, गाठ आली किंवा रक्त येतंय तर स्किनच्या डॉक्टरला दाखव, तिथं घरचे उपाय करत बसू नकोस.